चुकून गेलेली फाइल: विनंती करावी की जरब दाखवावी?

पणजीकर: गोपनीय फाइल भलत्याच माणसाकडे गेली तर गयावया कशाला करायची? ‘फाइल ताबडतोब नष्ट करा, अन्यथा कारवाई होईल’ एवढे एक वाक्य पुरेसे आहे.

फोंडेकर: हे वाचून मला संताप आला, कारण चूक पाठवणाऱ्याची आणि धमकी मात्र निरपराध माणसाला. माझ्या परिचयाच्या एका हिशेबनिसांच्या कार्यालयातून कामगारांचे पगारपत्रक, बँक खात्यांच्या क्रमांकांसह, भलत्याच ‘नाईक’ यांना गेले. गोव्यात हे आडनाव टंकले की पत्त्यांच्या यादीत किती नाईक पुढे येतात, हे सांगायला नको. हिशेबनिसांनी आधी फोन केला आणि मग नवीन मेल लिहिला, कारण जुन्याच मेलला उत्तर दिले असते तर तो मेल ज्यांना गेला होता त्या इतरांचेही लक्ष फाइलकडे गेले असते. मजकूर असा होता: ‘आज सकाळी ११ वाजता आपल्याला आमच्याकडून चुकून एक फाइल आली आहे. कृपया ती न उघडता इनबॉक्स, ट्रॅश आणि डाउनलोड या तिन्ही ठिकाणांहून काढावी, कोणाला पुढे पाठवली असल्यास सांगावे आणि काढल्यावर एका ओळीने कळवावे. तसदीबद्दल क्षमस्व.’ फाइलमध्ये काय आहे हे मुद्दाम लिहिले नाही, कारण ‘पगार’ हा शब्द दिसला की ती उघडली जातेच. तासाभरात उत्तर आले.

म्हापशेकर: एवढा खटाटोप कशाला? आउटलुकमध्ये मेल परत बोलावण्याची सोय आहे.

फोंडेकर: ती सोय एकाच संस्थेच्या अंतर्गत मेलपुरती चालते. जीमेलवर गेलेला मेल परत येत नाही, आणि जीमेलची स्वतःची ‘अन्डू’ची मुदत जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते.

मडगावकरीण: माझ्याकडे एका अनोळखी बाईंचा रक्ततपासणीचा अहवाल आला होता. मी स्वतः होऊन प्रयोगशाळेला कळवले, तर उत्तरात कायद्याची कलमे आली. मी अहवाल काढून टाकला, पण तसे त्यांना कळवले नाही.

पणजीकर: म्हणजे तुम्हीच बेजबाबदार ठरलात! आणि प्रत्येक मेलखाली गोपनीयतेची सूचना छापलेली असते, ती काय शोभेसाठी?

मडगावकरीण: ती सूचना मी कधी मान्य केली? न मागता दाराशी टाकलेल्या पार्सलची राखण करण्याची सक्ती माझ्यावर कशी होईल? आणि ती सूचना प्रत्येकच मेलखाली असल्यामुळे कोणीही वाचत नाही.

म्हापशेकर: सूचना वकिलाच्या कामी येते, एवढे तरी मान्य करा.

फोंडेकर: आली तरी फाइल परत आणत नाही. शिवाय ट्रॅशमधून वेगळी काढली नाही तर जीमेलमध्ये ती ३० दिवस राहते, हे धमकीतून समजत नाही, सांगावे लागते.

पणजीकर: ठीक आहे, पहिला मेल सौम्य असू द्या. पण समोरचा गप्प बसला तर?

फोंडेकर: दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन करावा. फाइल मेलला न जोडता तिचा दुवा पाठवलेला असेल तर लगेच प्रवेश बंद करावा, त्यासाठी कोणाची मिनतवारी लागत नाही. कारवाईची भाषा, फाइलचा वापर होत असल्याचे दिसले तरच.

मडगावकरीण: आणि ज्या कामगारांचे खाते क्रमांक गेले, त्यांना कोणी सांगितले का? २०२३ च्या विदा संरक्षण कायद्यात असे चुकून उघड होणेही भंगच मानले आहे.

फोंडेकर: त्यांना सांगितले नाही. सांगायला हवे होते, असे माझे मत आहे. हिशेबनिसांना ते अजूनही पटलेले नाही.