पाठ असलेला विषय घ्यावा की जमणारा प्रश्न?

निळी_शाई: इतिहासाच्या पेपरात आठ दीर्घोत्तरी प्रश्नांपैकी कोणतेही चार, वेळ तीन तास. मागच्या वेळी बिस्मार्क तोंडपाठ होता म्हणून डोळे झाकून हा घेतला: ‘जर्मनीच्या एकीकरणात बिस्मार्कच्या मुत्सद्देगिरीपेक्षा आर्थिक घटक अधिक महत्त्वाचे होते. चर्चा करा.’ सहा पानं लिहिली, 20 पैकी 8 मिळाले. वाइमार प्रजासत्ताक का कोसळलं हा प्रश्न सोडून दिला होता. निवड कशी करावी, आणि झटपट कशी?

पाठांतर_प्रेमी: निवड बरोबरच होती, लिहिताना घसरलात. परीक्षेच्या ताणात जे पाठ असतं तेच हातातून उतरतं. मी तर घरूनच सहा विषय ठरवून जातो. पेपर हातात आला की त्यांवर खुणा करायच्या आणि लिहायला लागायचं. दोन मिनिटांत काम होतं.

लाल_पेन: मी बरीच वर्षं पेपर तपासले आहेत, त्यामुळे हे पटत नाही. त्या सहा पानांत काय असणार ते न बघता सांगते: 1864 डेन्मार्क, 1866 ऑस्ट्रिया, 1870 फ्रान्स, मध्ये एम्सची तार. सगळं खरं, पण प्रश्न ‘पेक्षा’ या शब्दावर उभा आहे. आर्थिक बाजू लिहिल्याशिवाय तुलना होत नाही.

म्हणून विषय ओळखीचा दिसला की लगेच बरोबरची खूण करू नका. शेवटच्या पानावर विधानाच्या बाजूने दोन आणि विरुद्ध दोन मुद्दे लिहा, एकेका मुद्द्यापुढे एक ठोस पुरावा. प्रश्नामागे एक मिनिट. इथे बाजूने 1834 चा त्सोल्फेराइन, म्हणजे प्रशियाच्या पुढाकाराचा जकात संघ, ज्यात ऑस्ट्रिया नव्हता. दुसरा, रूरचा कोळसा आणि रेल्वे. विरुद्ध बाजूला तीन युद्धं आहेतच, पण खरा पुरावा वेगळा आहे: 1866 मध्ये बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर ही जकात संघातलीच राज्यं ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाशी लढली. बाजार एक झाला म्हणून निष्ठा एक झाली नाही. हे सुचलं तर प्रश्न घ्या. एक रकाना कोराच राहिला तर, बिस्मार्क कितीही पाठ असो, सोडा.

पाठांतर_प्रेमी: आठ प्रश्नांना आठ मिनिटं? तेवढ्यात माझं दीड पान होतं.

लाल_पेन: आठही नाही. दोन-तीन प्रश्न वाचताक्षणीच बाद होतात, एखाद-दोन उघड जमणारे असतात. रकाने फक्त मधल्या तीन-चारांसाठी. वाचन धरून सात-आठ मिनिटं लागतात. चार उत्तरांना प्रत्येकी चाळीस मिनिटं दिली तरी वीस उरतात, त्यातलीच ही.

घड्याळवाला: माझ्या मते सोपा प्रश्न आधी लिहावा, म्हणजे हात बसतो. मी एकदा अवघड आधी घेतला, दीड पानावर अडकलो, खोडून दुसरा सुरू केला. शेवटचं उत्तर अर्धंच राहिलं.

लाल_पेन: क्रमाचा मुद्दा वेगळा, पण तुमचा अनुभव इथे लागू पडतो. पहिल्या परिच्छेदात चूक कळली तर सोडा. पान भरल्यावर सहसा सोडू नका, लिहिलेल्याला प्रश्नाकडे वळवा. निळी_शाई, वाइमार का सोडलात?

निळी_शाई: कमी येत होतं म्हणून. व्हर्सायचा तह, 1923 ची चलनवाढ, 1929 ची मंदी आणि राष्ट्राध्यक्षांच्या वटहुकमांचं कलम 48, एवढंच.

लाल_पेन: अहो, ही चार कारणं झाली, आणि प्रश्न कारणंच विचारत होता! फक्त त्यांचं वजन ठरवायचं. नाझींना 1928 मध्ये राइशस्टागच्या 491 पैकी 12 जागा, 1930 मध्ये 107. व्हर्सायचा तह दोन्ही वेळी होताच, मधे आली ती मंदी. एवढ्या एका तुलनेवर उत्तर उभं राहतं.

पाठांतर_प्रेमी: ते 12 आणि 107 आठवायलासुद्धा पाठच लागतं ना?

लाल_पेन: लागतं, त्यात वाद नाही. पाठांतर नको असं मी म्हणतच नाही. निवडताना त्याच्यावर भिस्त ठेवू नका, इतकंच.

घड्याळवाला: मग चारही प्रश्न सुरुवातीलाच नक्की करायचे का? मी तीनच ठरवतो. लिहिता लिहिता चौथ्याचं काहीतरी आठवतं.

लाल_पेन: मी चारही ठरवायला सांगते, कारण शेवटच्या चाळीस मिनिटांत घाबरलेला माणूस पुन्हा ओळखीचं नाव बघूनच उचलतो.

निळी_शाई: मला घड्याळवाल्यांचं पटतंय. चौथ्याचे रकाने आधी मांडून ठेवतो, पक्का मात्र तिसरं उत्तर संपल्यावर करतो. पुढच्या सराव पेपरात दोन्ही करून बघतो.