मदत हवी आहे: बीटाच्या भाजीचा रंग आणि फळीवरचे डाग

नमस्कार मंडळी, मी फोंड्याची. घरच्या जेवणावळीसाठी ओलं खोबरं घालून बीटाची सुकी भाजी करायची आहे. सकाळी करून ठेवणार, पंगत दुपारी बसेल, आणि तोवर ती लालभडक राहायला हवी.

बीट मी अख्खंच उकडते. साल, शेपटी आणि देठाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तसाच ठेवते, कारण कापलेल्या जागेतूनच रंग पाण्यात उतरतो. थंड झाल्यावर साल हातानेच सुटते. सोडा अजिबात नको, त्याने रंग पिवळट होतो; आंबटाने तो टिकतो. खरा प्रश्न उष्णतेचा आहे. जास्त वेळ शिजवलं, पुन्हा गरम केलं की भाजी तपकिरी पडते.

म्हणून विचारते, आंबट कधी घालता? उकडतानाच पाण्यात चमचाभर माडाचं व्हिनेगर, की फोडणीत आमसुलं? आमसुलाचा स्वतःचाही रंग उतरतो, तो मला या भाजीत नको आहे. आणि पंगतीपूर्वी गरम न करता कोमटच वाढलं तर चालेल ना?

दुसरं, डाग. हात लिंबू-मीठ चोळून लगेच धुतले की स्वच्छ होतात, कापण्याआधी खोबरेल लावलं तर आणखी सोपं. पण आमची फणसाच्या लाकडाची फळी रंग आत ओढून घेते. मीठ-लिंबू चोळून उन्हात ठेवली की डाग फिका होतो, पूर्ण जात नाही. पावसाळ्यात ऊन नसताना तुम्ही काय करता? ब्लीच नको, त्याच फळीवर कोशिंबिरीची काकडी चिरतो.