कनेक्ट्स घालण्याआधी पोस्टमध्ये तुम्ही काय बघता?

मुक्ता_ब: अपवर्कवर इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. तिथे अर्ज करायला कनेक्ट्स घालावे लागतात, एक कनेक्ट 15 सेंटला पडतो. परवा एका पोस्टवर 14 घातले: 'स्कॅन केलेली 30 मराठी पानं वर्डमध्ये टाइप करा, 600 डॉलर.' तासाभरात उत्तर आलं, "टेलिग्रामवर या." तिथे आधी आधार कार्ड मागितलं, मग 40 डॉलर अनामत, म्हणे काम झालं की परत. पैसे वाचले, कनेक्ट्स गेले. हे आधीच कसं ओळखायचं? आपापले अनुभव लिहा.

रानवारा: पेमेंट व्हेरिफाइड नसेल तर मी उघडतच नाही. असेल तर बिनधास्त अर्ज.

जुना_अनुवादक: रानवारा, पहिलं ठीक, दुसरं नाही. त्या खुणेचा अर्थ एवढाच की क्लायंटने पैसे भरायची सोय जोडली आहे. त्याने कुणाला काम दिलंय का, हे वेगळं बघावं लागतं. मुक्ताताई, तुमच्या पोस्टमध्ये गणितच बोलतंय. पानाला 250 शब्द धरले तर साडेसात हजार. म्हणजे नुसत्या टायपिंगला शब्दाला 8 सेंट! भाषांतराला तरी कोण देतं एवढे? पोस्टमध्ये विषय नव्हता, नमुन्याचं पानही नव्हतं. मी आधी भागाकार करतो, मग खाली क्लायंटचा इतिहास वाचतो. परवाचाच एक: 23 पोस्ट, काम दिलं दोघांना. माणूस फसवा नसेलही, पण माझे कनेक्ट्स तिथे बुडणारच.

पोपटराव: माझ्या भाच्याकडून पुण्यात एका प्लेसमेंटवाल्याने नोकरीसाठी अडीच हजार घेतले. नोकरी नाहीच. तक्रार कुठे करायची?

मुक्ता_ब: काका, ते प्रकरण वेगळं. पण ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा.

सई_कोकणातली: मी उलट सांगते. माझा सगळ्यात चांगला क्लायंट एका ओळीच्या पोस्टमधून मिळाला: 'मराठी सबटायटल तपासायला कुणी हवंय.' बास. इतिहास शून्य. मी 6 कनेक्ट्स घातले आणि अर्जात एकच विचारलं, व्हिडिओ किती मिनिटांचा? त्याने लगेच फाइल पाठवली. तुमच्या चाळणीत तो गळाला असता.

जुना_अनुवादक: गळाला असता, खरंय. मोघम आणि खोटं यात फरक आहे. मोघम पोस्टवाल्याला धड लिहिता येत नसतं, खोट्या पोस्टवाल्याला लवकर बाहेर न्यायचं असतं. मजकुरातच टेलिग्रामचं नाव दिसलं की मी रिपोर्ट करतो.

रानवारा: रिपोर्ट करून काय मिळतं?

मुक्ता_ब: मी काल केलं. पोस्ट काढली आणि माझे 14 परत आले. पण नव्या क्लायंटवर किती कनेक्ट्सपर्यंत जायचं? सई 6 म्हणते. 16 मागितले तर?

सई_कोकणातली: 16 ला मी नाही गं जात. पण महिनाअखेर हातात काम नसेल तर गेलेही आहे.