मदत हवी आहे : सोलापुरातील घरी बिड्या वळणाऱ्या कामगारांचे काम अचानक बंद

माझ्या आई घरी बिड्या वळतात. सोलापुरातील एका कारखान्याच्या ठेकेदाराने पूर्वसूचना न देता पाने, तंबाखू आणि सूत देणे बंद केले असून मागील दोन आठवड्यांची मजुरीही थकलेली आहे. त्या कित्येक वर्षे त्याच कारखान्यासाठी काम करतात. नोंदवही ठेकेदाराकडेच आहे. ती मागितली असता टाळाटाळ होते. तिच्यात वळलेल्या बिड्यांपेक्षा कमी आकडा लिहिला जाई, कारण नापास ठरवलेल्या बिड्या वजा करून ठेकेदार स्वतःकडेच ठेवत असे.

पुरावा म्हणून भविष्य निर्वाह निधीचे पासबुक काढले आहे. बिडी उद्योगात वर्गणीचा दर १० टक्के असल्याने महिन्याला ३०० रुपये कपात दिसली, तर ३,००० रुपये मजुरी मान्य झाली, असे मी धरतो. मात्र त्यातून नापास बिड्यांचा हिशेब लागत नाही. कारखान्याचे ओळखपत्र आहे. ठेकेदाराला तोंडी विचारून झाले, लेखी तक्रार अद्याप केलेली नाही.

१९६६ च्या बिडी कामगार कायद्यातील कलम ३१ नुसार सहा महिने किंवा त्याहून अधिक काम केलेल्या कामगाराला सबळ कारणाशिवाय कमी करता येत नसे आणि एक महिन्याची नोटीस किंवा तेवढी मजुरी द्यावी लागत असे. घरी काम करणारेही त्यात येत असत. पण कामावरून काढल्याचे कुणी म्हणतच नाही, नुसता माल येत नाही. अशा वेळी, विशेषतः नव्या श्रमसंहिता आल्यानंतर, सहायक कामगार आयुक्तांकडील अर्जात नोटिशीची मजुरी कोणत्या तरतुदीखाली मागावी, आणि ठेकेदाराबरोबर कारखानामालकालाही प्रतिवादी करावे का?