‘तुम्ही इथे टिकणार नाही’ या शंकेला मुलाखतीत काय उत्तर द्यावं?

रविवारदुपार (धागाकर्ती): अनुभव १४ वर्षांचा, त्यातली शेवटची ५ वर्षं नऊ जणांच्या टीमची मॅनेजर. आता डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी मुलाखती देतेय. हाताखाली कोणी नसेल, पगार साधारण पाव हिस्सा कमी. गेल्या वर्षी किंमत ठरवायचं एक मॉडेल टीमला न देता स्वतः बांधलं आणि तेच काम परत करायचं असं ठरवलं. पण सगळीकडे तेच ऐकते: “तुम्ही ओव्हरक्वालिफाइड आहात, चांगलं काही मिळालं की जाल.” मी म्हणते, “नाही, मी नक्की टिकेन.” पुढे फोन येत नाही. काय म्हणायला हवं?

निळी_शाई: “नक्की टिकेन” हे दोन महिन्यांत जाणाराही म्हणतो, त्यामुळे समोरच्याच्या हाती काहीच लागत नाही. त्याआधी हे बघा की विचारतंय कोण. एचआरच्या मनात बहुतेक पगार असतो: कमी पैशात आली, सहा महिन्यांत नाराज होणार, मग पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती. ज्याच्या हाताखाली काम करायचं त्याची भीती वेगळी. ही बाई माझं ऐकेल का, की माझ्याच खुर्चीवर डोळा ठेवेल? एकाची शंका दुसऱ्याला फेडून उपयोग नाही. कळत नसेल तर सरळ विचारा: “तुम्हाला काळजी पगाराची वाटते, की या कामाचा मला कंटाळा येईल याची?” असं एकदाच विचारायचं, आणि आवाजात धार नको.

मग कारण सांगा. ते कारण या जाहिरातीच्या आधीपासूनचं असावं आणि त्याची खूण तुमच्या कामात दिसावी. ती किंमतीच्या मॉडेलमध्ये आहे. साधारण असं:

“गेली पाच वर्षं माझा बराचसा वेळ आढावा बैठका आणि कामाच्या वाटपात जातो. गेल्या वर्षी किंमतीचं मॉडेल मी मुद्दाम स्वतः बांधलं, कारण मला हे काम परत हाताने करायचं होतं. तेव्हापासून मी याच प्रकारच्या जागा बघतेय. पगाराचा आकडा बघूनच अर्ज केलाय आणि त्यात माझा खर्चाचा हिशेब बसतो.”

याला अर्धा मिनिट पुरतं, मग थांबायचं. लांबवलं की सफाई दिल्यासारखं वाटतं. यातलं जे तुमच्या बाबतीत खरं नसेल ते काढून टाका, कारण पुढचा प्रश्न “मॉडेल कशात बांधलं, चूक किती यायची?” असाच येतो. तो आला तर समजा शंका मिटली आणि गाडी कामावर आली. तीच काळजी वेगळ्या शब्दांत परत आली, तर तुम्ही भलत्याच भीतीला उत्तर दिलंत.

सडेतोड: एवढं मानसशास्त्र कशाला? मुलाखतीत उलट प्रश्न केला की माणूस बिथरतो. त्यांना आकडा हवा असतो. “किमान दोन वर्षं कुठेही जाणार नाही” म्हणा, विषय संपला. आणि बायोडेटातून ‘मॅनेजर’ काढून ‘अ‍ॅनालिस्ट’ लिहा, म्हणजे प्रश्नच येणार नाही.

निळी_शाई: पदनाम बदलणं हा यातला सगळ्यात महागडा सल्ला आहे. जुन्या कंपनीकडे पडताळणी करताना पदनाम विचारतातच, आणि तिथे फरक निघाला तर हातात आलेली ऑफरही जाते. पदनाम आहे तसं ठेवा आणि खालच्या ओळींचा क्रम फिरवा. स्वतः लिहिलेल्या क्वेरी, बांधलेलं मॉडेल, त्यावरून झालेला निर्णय हे वर. नऊ जणांची टीम शेवटच्या ओळीत. फार जुन्या नोकऱ्या एका ओळीत आटोपल्या तर कुणी हरकत घेत नाही.

आकड्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर. नुसती “दोन वर्षं” पोकळ वाटतात, कारण त्या शब्दाने कुणी बांधलं जात नाही आणि हे दोघांनाही माहीत असतं. पण तोच काळ कामाला बांधला की वजन येतं: “एक वर्ष तुमचा डेटा समजण्यात जाईल, पुढच्या वर्षीचा अंदाज मी एकटी काढू शकले पाहिजे.” आणि पूर्वी एकेका जागी चार-पाच वर्षं काढली असतील तर तेही बोला, कारण तो पुरावा आहे. मागच्या तीन नोकऱ्या वर्ष-वर्षाच्या असतील तर मात्र टिकण्याचं वचन देऊच नका. त्या का सुटल्या ते सांगा.

पाणकणीस: माझी पीएचडी आहे आणि लॅब टेक्निशियनच्या जागेला अर्ज केलाय. पदवी लपवू का?

निळी_शाई: फॉर्ममध्ये सगळं शिक्षण मागितलं असेल तर लपवू नका, ते खोटं धरलं जातं. फक्त बायोडेटा पाठवायचा असेल तर पदवी खाली आणि हाताने चालवलेली उपकरणं वर. तुमच्याबद्दलची भीती मात्र वेगळी आहे: संशोधनाची जागा मिळाली की जाल. तशा जागांसाठी अर्ज चालू असतील तर या उत्तराचा तुम्हाला उपयोग नाही.

टेबलापलीकडून: मी उमेदवार निवडणाऱ्यांच्या बाजूने लिहितेय. ‘ओव्हरक्वालिफाइड’ म्हणणाऱ्या प्रत्येकाला टिकण्याचीच काळजी असते हा समज सोडा. कधी बजेट कमी असतं, कधी वय खटकत असतं आणि ते बोलता येत नाही. तिथे उत्तर कितीही घोटीव असलं तरी फोन येणार नाही.

दोन गोष्टी मात्र उमेदवार स्वतःच बिघडवतात. एक, “ज्युनियर मुलांना मी शिकवेन.” चांगल्या मनाने म्हणतात, पण मॅनेजरला ऐकू येतं की ही आल्या दिवसापासून माझी टीम चालवणार. त्यापेक्षा वरिष्ठांचा एखादा निर्णय पटला नव्हता तरी नीट राबवला, असं एक उदाहरण तयार ठेवा. दुसरी, शेवटी “काही विचारायचंय?” म्हटलं की “इथे बढती किती वर्षांत?” आधीची सगळी मेहनत त्या एका वाक्याने धुतली जाते. पहिल्या तीन महिन्यांत कोणतं काम हातात येईल ते विचारा.

रविवारदुपार: खरं कारण थोडं असंही आहे की मला माणसं सांभाळायचा कंटाळा आलाय. ते सांगू का?

टेबलापलीकडून: नको. कंटाळा म्हटलं की ऐकणारा पुढचा कंटाळा मोजायला लागतो. ‘कमी जबाबदारी हवी’ हेही नको, त्याचा अर्थ कामचुकार असा लागतो. कशापासून सुटायचंय ते राहू द्या, काय करायचंय ते सांगा.

सडेतोड: म्हणजे शेवटी लपवाछपवीच की! मला पदनाम बदलू नका म्हणता आणि इकडे कंटाळा गिळायला सांगता.

निळी_शाई: पदनाम खोटं लिहिणं आणि एक कारण न बोलणं यात फरक आहे. पण इथे मी टेबलापलीकडून यांच्याशीही पूर्ण सहमत नाही. “टीम चालवणं जमलं, पण पुढची वर्षं त्यात घालवायची नाहीत” एवढं शांतपणे सांगितलं तर खुर्चीची भीती बाळगणारा मॅनेजर उलट निर्धास्त होतो. एचआरपुढे मात्र नको.

टेबलापलीकडून: माझ्या मते ही जोखीम आहे. मॅनेजर स्वतः लोकांना कंटाळलेला असेल तरच चालेल.

रविवारदुपार: गुरुवारी मॅनेजरबरोबर फेरी आहे. आणि “जुन्या कंपनीने उद्या दीडपट पगार दिला तर?” असं त्यांनी थेट विचारलं तर काय सांगू?

निळी_शाई: “कधीच जाणार नाही” म्हणू नका. “तेच मॅनेजरचं काम असेल तर नाही, ते सोडायचं ठरवूनच इथे आलेय. हेच काम दीडपट पगारावर असेल तर विचार करावा लागेल, पण आधी तुमच्याशी बोलेन.” दुसरं वाक्य म्हणायचं की नाही ते समोरचा माणूस बघून ठरवा.

सडेतोड: दुसरं वाक्य म्हटलंत तर नोकरी गेलीच समजा.