मदत हवी आहे: एस अँड ओपी मीटिंगच्या मिनिट्समध्ये मूळ मागणी कशी नोंदवायची?

नमस्कार मंडळी. आमच्या मासिक एस अँड ओपी मीटिंगचे मिनिट्स मी लिहिते. यावेळी एक चूक झाली आणि ती मनाला लागली आहे.

सेल्सचा तीन महिन्यांचा अंदाज होता ९,०००, ९,५०० आणि १२,५०० नग. अडचण पॅकिंग लाइनची, तिथून महिन्याला १०,००० च्या वर माल निघत नाही. सुरुवातीचा साठा १,००० आणि सेफ्टी स्टॉकही तेवढाच. तिन्ही महिने पूर्ण क्षमतेने लाइन चालवली तर दुसऱ्या महिन्याअखेर २,५०० नग शिल्लक राहतात. तिसऱ्या महिन्याची मागणी कशीबशी भागते, पण साठा शून्यावर येतो. म्हणून दुसऱ्या महिन्यात दोन सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइम करून १,००० नग जादा काढायचे ठरले.

मी मात्र तिसऱ्या महिन्यासमोर फक्त "१०,०००" लिहिलं. आता सेल्सला वाटतंय की त्यांचा अंदाजच कापला. प्लांट म्हणतो, ओव्हरटाइम पक्का झालाच नव्हता, कारण मंजुरी कोण देणार हे मिनिट्समध्ये नाही.

पुढच्या वेळी मूळ मागणी, क्षमता, ठरलेलं उत्पादन आणि महिनाअखेरचा साठा अशा चार वेगळ्या ओळी ठेवायचा विचार आहे. पण ओव्हरटाइमसारखा अटीवर अवलंबून असलेला आकडा तुम्ही योजनेत धरता, की मंजुरी येईपर्यंत बाहेर ठेवता? मंजुरीची शेवटची तारीख कच्चा माल मागवण्याच्या मुदतीवरून ठरवता का? कुणाकडे प्रत्यक्ष वापरातला नमुना असेल तर कृपया दाखवा.