लिफ्टमध्ये, बोगद्यात अडकल्याची स्वप्नं : तुमचे अनुभव सांगा

रातराणी
मला वर्षानुवर्षं एकच स्वप्न पडतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये थांबते आणि भिंती आत सरकायला लागतात. ओरडायला जावं तर आवाज फुटत नाही. अशी कोंडल्याची स्वप्नं आणखी कोणाला पडतात? नुसतं स्वप्न नको. ते रात्री कधी पडतं, जाग येते तेव्हा तुम्ही कसे झोपलेले असता, श्वास कसा चालू असतो, हेही लिहा.

कासव
माझा बोगदा होता. सरपटत पुढे जायचं, मग खांदे अडकायचे, मागेही फिरता यायचं नाही. पडायचं ते पहाटेच, आणि जाग यायची ती घशातून मोठा श्वास ओढतच. तोंड कोरडं, छाती धडधडतेय. बायको म्हणायची, घोरता घोरता तू एकदम गप्प होतोस, मग दचकून श्वास घेतोस. हे डॉक्टरांच्या कानावर घातल्यावर त्यांनी स्लीप स्टडी करायला सांगितली. नाकाशी बारीक नळी, छाती-पोटावर पट्टे, बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा, आणि असं सगळं लावून झोपायचं!

रिपोर्टमध्ये तासाला सरासरी 22 वेळा श्वास अडल्याचं निघालं. 5 च्या आत असेल तर ठीक, 15 ते 30 म्हणजे मध्यम त्रास. पण माझ्या स्वप्नाचं उत्तर खालच्या ओळीत होतं: स्वप्नं पडतात त्या झोपेत, तेही पाठीवर असताना, हाच आकडा दुपटीहून जास्त. डॉक्टर म्हणाले, त्या झोपेत अंगातले स्नायू सैल पडतात, घशाचेही. त्यात पाठीवर झोपलं की जीभ मागे येते. रात्र सरत जाते तशी ही झोप लांबत जाते, म्हणून बोगदा पहाटेचा.

मग झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं सीपॅप मशीन आलं आणि नवीनच पंचाईत झाली. मास्क लावला की जागेपणीच कोंडल्यासारखं व्हायचं. मग आधी संध्याकाळी टीव्ही बघताना मास्क नुसता हाताने नाकाशी धरायचा, ते जमलं की पट्टे बांधायचे, मग मशीन चालू करायचं. असं करत सवय झाली. त्यानंतर बोगदा आला तो एकदाच, सर्दी झाली म्हणून मास्कशिवाय झोपलो तेव्हा.

जुनाखोडकर
इतकं कशाला? बोगद्याचं स्वप्न म्हणजे जन्माच्या वेळची आठवण. मानसशास्त्रात हे सिद्ध झालंय.

अवकाळी
सिद्ध वगैरे काही नाही हो. अरुंद जागेतून जाण्याच्या स्वप्नांचा जन्माशी संबंध फ्रॉइडने जोडला होता, हे खरं. पण ते तपासून बघता येईल असं त्यात काही नाही.

टकटक
आमची लिफ्ट खरोखरच अडकते! आतली हवा संपते का हो? दार ओढून बाहेर पडावं का?

अवकाळी
धागा स्वप्नांचा आहे, पण सांगते. लिफ्टची केबिन हवाबंद नसते, हवा संपत नाही. दार मात्र ओढू नका. केबिन मध्येच हलली किंवा खालच्या फटीतून तोल गेला तर जिवावर बेतेल. अलार्म दाबा आणि आतच थांबा.

सोनचाफा
माझं थोडं वेगळं. जाग आलेली असते, खोली दिसत असते, पण बोटही हलत नाही आणि छातीवर कोणी बसलंय असं वाटतं. आजी याला भूत म्हणायची. स्वप्नात हातपाय झाडू नयेत म्हणून शरीर लुळं पडलेलं असतं, आणि मेंदू त्याच्या आधी जागा होतो, एवढंच. जागरण झालं की मला हमखास होतं. रातराणी, तुमचा आवाज फुटत नाही तो यामुळे तर नसेल?

मोरपंखी
माझी स्लीप स्टडी स्वच्छ आली, तरी लिफ्ट येतेच. शिवाय श्वास अडणाऱ्या सगळ्यांनाच अशी स्वप्नं पडत नाहीत. आमच्या घरी एकाला जोरदार त्रास आहे, त्याला स्वप्नंच आठवत नाहीत. तेव्हा कासवरावांचं गणित सगळ्यांना लागू करू नका.

अवकाळी
मोरपंखी, श्वासाचा प्रश्न नसेल तर स्वप्न बदलून लिहिण्याचा सराव करून बघा. मी थेरपिस्टकडे शिकले. दिवसा, शांत वेळी बसायचं, स्वप्न थोडक्यात लिहायचं आणि कुठूनही त्याला आपल्याला हवं तसं वळण द्यायचं. माझी लिफ्ट तळघरात रुतायची. मी लिहिलं की मागची भिंत काचेची आहे, ती सरकते आणि मी गच्चीवर येते. मग रोज दहा-वीस मिनिटं फक्त नवीन स्वप्न डोळ्यांसमोर आणायचं, जुनं उगाळायचं नाही. काही आठवड्यांनी लिफ्ट अडकायची, पण मी घाबरायचे नाही. गच्ची मात्र अजून एकदाही दिसलेली नाही! स्वप्न एखाद्या खऱ्या अपघाताचं असेल तर हे एकट्याने करू नका.

रातराणी
सोनचाफा, मला जाग येते तेव्हा हातपाय हलतात, त्यामुळे ते नसावं. पण मी पाठीवरच असते, वेळही पहाटेची, आणि तोंड कोरडं असतं. घोरते का, ते सांगायला घरात कोणी नाही. आज रात्री उशाशी फोनवर रेकॉर्डिंग लावून झोपते.

कासव
लावा. नुसत्या घोरण्याकडे लक्ष देऊ नका, घोरणं थांबून शांतता होते आणि मग एकदम श्वास ओढल्याचा आवाज येतो का, ते ऐका. तसं ऐकू आलं तर रेकॉर्डिंग घेऊनच डॉक्टरांकडे जा. नाही आलं तरी दिवसा पेंग येत असेल तर दाखवाच, फोनला सगळं कळत नाही.